स्वविसर्जन-दरानुसार सेलची प्रतवारी

लिथियम-आयन सेल नुसते पडून राहिले तरी त्यांच्यातील भार हळूहळू घटतो. यास स्वविसर्जन किंवा सेल्फ-डिस्चार्ज म्हणतात. पॅक जोडण्यापूर्वी या घटीच्या वेगानुसार सेल वेगळे काढणे, ही प्रस्तुत प्रतवारी होय.

धारितेतील तफावत सहसा जागच्या जागी राहते, तर स्वविसर्जनातील तफावत दिवसागणिक साचत जाते. २५०० मिलिअँपिअर-तासांचे दहा सेल एकसरीत जोडले आणि त्यांपैकी एकाची धारिता ५० ने कमी असली, तर पॅक तेवढाच उणा पडतो. याउलट, पूर्ण धारितेचा एखादा सेल इतरांपेक्षा केवळ ०.१ मिलिअँपिअर अधिक गळत असेल, तर तो दिवसाला २.४, महिन्यात ७२ आणि वर्षभरात सुमारे ८७५ मिलिअँपिअर-तास मागे पडतो. सर्व सेलचा भार सारखा करण्याची, म्हणजेच संतुलनाची सोय नसल्यास चार्जिंग करताना बाकीचे नऊ आधी भरतात व चार्जिंग थांबते. वापरताना मात्र हाच सेल आधी रिकामा होतो. शिसे-आम्ल किंवा निकेल सेलना थोडे जादा चार्जिंग सोसते व त्यातून अशी तफावत बरीचशी भरून निघते. लिथियम-आयनमध्ये तो मार्ग बंद असतो.

गळतीच्या कारणांविषयी एकमत नाही. धातूच्या कणामुळे विभाजक पटलात पडणारा सूक्ष्म शॉर्ट हे रूढ स्पष्टीकरण; काहींचा भर इलेक्ट्रोड-पृष्ठावरील उपप्रक्रियांवर आहे. कॅनडातील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक कारण दाखविले: सेलमधील पीईटी चिकटपट्टी विघटित होऊन निघणारे संयुग दोन्ही इलेक्ट्रोडांमध्ये ये-जा करीत भार वाहून नेते. एकाच खेपेतील सगळेच सेल गळत असतील तेव्हा हे स्पष्टीकरण अधिक पटते. शंभरांत एखादाच गळत असेल, तर सूक्ष्म शॉर्टचाच संशय धरणे बरे.

मोजणीत घाई चालत नाही. चार्जिंगनंतर काही दिवस व्होल्टता स्थिरावू द्यावी लागते, कारण त्या काळातील उतार गळतीसारखाच भासतो. नंतर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत वाचणाऱ्या मीटरने नोंद घेऊन, दोन आठवड्यांनी त्याच तापमानाला पुन्हा मोजतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात एक टक्का भाराला सुमारे ८ मिलिव्होल्ट धरल्यास, वरील सेल इतरांपेक्षा १० ते ११ मिलिव्होल्ट अधिक उतरलेला दिसतो. लोह-फॉस्फेट सेलचा भारानुसार व्होल्टतेचा वक्र मधल्या भागात जवळजवळ सपाट असल्याने तेथे ही रीत फसते; असे सेल बरेच रिकामे करून, वक्र तीव्र उतरतो त्या भागात मोजावेत.

समांतर गटात गळका सेल शेजाऱ्यांचा भार ओढून घेतो आणि व्होल्टतेवरून तो ओळखू येत नाही. म्हणून प्रतवारी जोडणीपूर्वीच करावी लागते. संतुलक परिपथ ५० मिलिअँपिअरने भार जिरवीत असेल, तर महिन्याची ७२ ची तफावत दीड तासात मिटते. परंतु अनेक परिपथ चार्जिंगच्या अखेरीसच चालू होतात, त्यामुळे गोदामात पडून असलेल्या पॅकला त्यांचा उपयोग होत नाही.