ब्लूटूथच्या नव्या आवृत्त्या आणि जुनी उपकरणे

ब्लूटूथ ५.० डिसेंबर २०१६ मध्ये आले, तेव्हा ‘दुप्पट वेग, चौपट पल्ला’ अशी त्याची जाहिरात झाली. दोन्ही दावे खरे आहेत, पण ते एकाच वेळी खरे ठरत नाहीत आणि सगळ्या ब्लूटूथलाही लागू होत नाहीत.

ब्लूटूथ या नावाखाली दोन वेगळ्या रेडिओ पद्धती नांदतात. हेडफोन आणि गाडीतला स्पीकर आजही बहुधा ‘क्लासिक’ पद्धतीवर चालतात. तिचा सेकंदाला ३ मेगाबिटांपर्यंतचा वेग २००४ च्या २.० आवृत्तीपासून तसाच आहे. दुसरी पद्धत ‘लो एनर्जी’. २०१० च्या ४.० आवृत्तीत आलेली ही पद्धत मनगटपट्टे, संवेदक आणि कुलपे वापरतात. ५.० मधला वाढीव वेग आणि पल्ला फक्त हिच्यासाठी आहे. म्हणून नवा फोन घेतल्यावर जुन्या हेडफोनचा आवाज सुधारेल ही अपेक्षा चुकीची ठरते. फोनचा अँटेना चांगला असेल तर जोडणी थोडी स्थिर वाटेल, पण ते श्रेय आवृत्तीचे नव्हे.

वेगाचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. फोनवरून मनगटपट्ट्यात १० लाख बाइटचे नवे फर्मवेअर पाठवायचे आहे. ४.० मध्ये एका पाकिटात उपयोगी माहिती जेमतेम २० बाइट मावते. प्रत्येक पाकिटानंतर पोच यावी लागते आणि मध्ये दोनदा १५० मायक्रोसेकंद थांबावे लागते. ५०,००० पाकिटे, प्रत्येकी ६७६ मायक्रोसेकंद, म्हणजे सुमारे ३४ सेकंद. २०१४ च्या ४.२ आवृत्तीने पाकीट मोठे केले आणि त्यात २४४ बाइट मावू लागले. आता जेमतेम ४,१०० पाकिटांत काम होते आणि वेळ १० सेकंदांवर येतो. ५.० ची दोन मेगाबिटांची पद्धत वापरली तर तो ५.७ सेकंद होतो. बिटे दुप्पट वेगाने जातात, पण १५० मायक्रोसेकंदांचे थांबे तेवढेच राहतात, म्हणून वेळ निम्म्यावर येत नाही. एकही पाकीट हरवले नाही असे धरून काढलेले हे आकडे आहेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण मोठी उडी ४.२ ने मारली होती, ही गोष्ट जाहिरातींच्या गलबल्यात हरवली.

बॅटरीची बचत याच हिशेबातून निघते. रेडिओ जितका कमी वेळ चालू, तितकी वीज कमी. वरच्या उदाहरणात दोन मेगाबिटांमुळे रेडिओचा चालू काळ सुमारे ९ सेकंदांवरून साडेचार सेकंदांवर येतो. त्याची किंमत म्हणजे पल्ला थोडा घटतो, कारण वेगवान बिटे ओळखायला जास्त ठळक संकेत लागतो.

पल्ला वाढवणारी ‘कोडेड’ पद्धत याच्या उलट वागते. तिच्या सर्वांत लांब पल्ल्याच्या प्रकारात प्रत्येक बिटामागे आठ चिन्हे पाठवतात, त्यामुळे क्षीण संकेतातूनही मजकूर सावरता येतो. मोकळ्या मैदानात पल्ला चौपटीच्या आसपास जातो. भिंती आणि माणसांची शरीरे आली की खूपच कमी. वेग मात्र १२५ किलोबिटांवर उतरतो आणि तेवढीच माहिती पाठवायला रेडिओ कितीतरी जास्त वेळ चालू ठेवावा लागतो. शेतातल्या ओलावामापकाला अधूनमधून चार आकडे पाठवायचे असतील तर हे परवडते. फर्मवेअर पाठवायला ही पद्धत गैरसोयीची.

जुन्या उपकरणाचे काय? जोडणी होताना दोन्ही बाजू आपापल्या क्षमता एकमेकींना कळवतात आणि दोघींना जमेल तेच वापरतात. ४.० चा पट्टा ५.३ च्या फोनशी व्यवस्थित जुळतो, पण ४.० च्याच चालीने चालतो. ४.२ चा पट्टा असेल तर मोठी पाकिटे मिळतात, दोन मेगाबिट मिळत नाहीत. ‘मी इथे आहे’ असे सांगणारी उपकरणाची उद्घोषणा कोडेड पद्धतीत केलेली असेल तर ती जुन्या फोनला ऐकूच येत नाही. यादीत उपकरण दिसत नसेल तर हे एक कारण असू शकते. फर्मवेअर बदलून हे नेहमी सुटत नाही, कारण नवे वेग पकडण्याची ताकद चिपच्या रेडिओतच असावी लागते.

आणखी एक अडचण म्हणजे ५.० मधले दोन मेगाबिट आणि कोडेड हे दोन्ही ऐच्छिक आहेत. खोक्यावर ५.३ लिहिलेल्या वस्तूत यांपैकी एकही नसू शकेल. २०२० मध्ये ५.२ सोबत आलेल्या, लो एनर्जी पद्धतीने आवाज पाठवणाऱ्या ‘एल.ई. ऑडिओ’चेही तसेच: जुन्या हेडफोनला तो मिळत नाही, आणि नव्या हेडफोनलाही फोनची साथ असेल तरच मिळतो. म्हणून आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा वैशिष्ट्यांची यादी पाहावी. अँड्रॉइड ८.० पासून अॅप लिहिणारा ही खात्री थेट करू शकतो:

```
adapter.isLe2MPhySupported()
adapter.isLeCodedPhySupported()
```

उत्तर `true` आले तरी ते फक्त फोनबद्दल असते. समोरच्या उपकरणाचे उत्तर वेगळे तपासावे लागते.