परांचीचा बांबू मोडत नाही, चिरतो

इमारतीचं रंगकाम संपलं की परांची उतरवतात आणि बाद झालेले बांबू एका बाजूला टाकतात. तो ढीग जरा निरखून बघा. कांडी तोडावी तसा मधोमध आडवा मोडलेला बांबू त्यात क्वचितच दिसेल. बहुतेक बांबू उभे चिरलेले असतात. एखादी भेग गाठीपाशी थांबलेली असते, तर एखादी गाठ ओलांडून पुढच्या पेरात घुसलेली. याच बांबूंवर महिनाभर माणसं बादल्या घेऊन उभी होती, बांबू त्यांच्याखाली लवत होते आणि तरी मोडले नव्हते.

आधी ते न मोडण्याचं कारण बघू. आडव्या बांबूच्या मध्यावर वजन आलं की तो खाली लवतो. त्याची वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. जोर सगळ्यात जास्त पडतो तो वरच्या आणि खालच्या कडेवर, मधल्या भागावर फारच कमी. बांबूचा मध्यच पोकळ असतो, म्हणजे जिथे माल असून फारसा उपयोग नाही तिथे तो नाहीच. ७५ मिलिमीटर व्यासाचा आणि १० मिलिमीटर जाडीचा बांबू घेतला आणि तेवढाच माल वापरून भरीव दांडा केला, तर दांड्याचा व्यास जेमतेम ५१ मिलिमीटर भरतो. वाकण्याला होणारा विरोध मात्र पोकळ बांबूत त्याच्या सव्वातीन पटींहून जास्त असतो.

बांबूच्या भिंतीतही माल सगळीकडे सारखा नसतो. ताजा कापलेला आडवा छेद पाहिला तर त्यात काळसर ठिपके दिसतात. ते तंतूंचे जुडगे. सालीजवळ ते इतके दाट असतात की वेगवेगळे मोजता येत नाहीत. पोकळीकडे जावं तसे ते विरळ होतात आणि त्यांच्यामध्ये फिकट, मऊ पेशी भरलेल्या दिसतात. सालीलगत निम्म्याहून जास्त जागा तंतूंची असते, आतल्या कडेला जेमतेम दहावा हिस्सा. थोडक्यात, ताण जिथे सर्वाधिक, तंतूही तिथेच सर्वाधिक. वाऱ्यात उभं राहायचं तर बांबूला हेच हवं. परांचीचा विचार त्याने केलेला नाही, एवढंच.

हे सगळे तंतू मात्र एकाच दिशेला, बुंध्याकडून शेंड्याकडे धावतात. सागाच्या किंवा आंब्याच्या लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या आडव्या पट्ट्याही असतात आणि त्या उभ्या तंतूंना थोडंफार बांधून ठेवतात. बांबू हे गवत. त्याच्या पेरात अशा आडव्या पट्ट्या नसतात. दोन तंतूंना जोडायला असतात त्या मधल्या मऊ पेशी आणि त्यांना चिकटवून ठेवणारी द्रव्यं. लांबीच्या दिशेने ओढलं तर जोर तंतूंवर येतो. आडवं फाकवलं तर तो या मऊ भागावर येतो आणि भेगेला वाटेत एकही तंतू तोडावा लागत नाही. ती दोन जुडग्यांमधून सरळ चालत जाते.

बुरूड याच गोष्टीवर पोट भरतो. कोयत्याने तोंडाशी एक चीर पाडली की पुढे पातं फक्त फाकवायचं काम करतं, कापायचं नाही. चीर एका बाजूला सरकून एक पट्टी जाड आणि दुसरी बारीक होऊ लागली, तर तो जाड बाजू जास्त वाकवतो. मग चीर पुन्हा मध्यावर येते.

बुरडाला हवी असलेली चीर परांचीत नको असताना कशी पडते, ते आकड्यांत बघू. वरचाच बांबू दीड मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर आडवा बांधला आहे आणि त्याच्या मध्यावर शंभर किलोचा भार आहे. वाकण्यामुळे त्याच्या खालच्या कडेवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३० किलोचा ताण येतो. चांगल्या जातीचा बांबू ७०० किलोच्या पुढे जाऊन हार मानतो. या बाजूने काळजी नाही.

पण तोच भार बांबूला वरून दाबतही असतो. गोल नळी दाबली की ती चपटी, लंबगोल होऊ पाहते. तेव्हा भाराच्या बरोबर खाली, भिंतीच्या आतल्या अंगाला तंतू एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि दोन्ही कुशींना हेच बाहेरच्या अंगाला होतं. हा दाब दहाएक सेंटिमीटर लांबीवर पसरला असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने हा आडवा ताण दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास येतो. म्हणजे तो उभ्या ताणाच्या निम्म्याहूनही कमी आहे. पण आडव्या दिशेने बांबूची ताकदच जात आणि ओल यांनुसार काही दशक किलोंपासून शंभरेक किलोंपर्यंत असते. लांबीच्या दिशेला पाचपट शिल्लक असताना या दिशेला बांबू काठावर उभा असतो.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचे संशोधक ज्यूल्स यान्सन यांनी बांबूच्या वाकण्याचा तपशीलवार अभ्यास केला. वाकवलेला बांबू निकामी होतो तेव्हाही तो आधी उभाच तडकतो, तंतू सहसा तुटत नाहीत आणि भार काढला की तो बराचसा सरळ होतो, असं त्यांना आढळलं. साइटवर याचा फायदा होतो. लाकडी फळी अचानक मोडते, बांबू आधी करकरतो.

गाठीपाशी गोष्ट बदलते. तिथे आतून आडवा पडदा असतो, त्यामुळे नळी चपटी होत नाही, आणि काही तंतूही आडवे वळलेले असतात. लांबीच्या दिशेची ताकद या वळणामुळे तिथे थोडी कमी होते, पण चिरण्याला विरोध वाढतो. म्हणून जाणता कारागीर आडवा बांबू गाठीच्या शेजारी टेकवतो, तिथे काथ्या सरकतही नाही. टोक कापायचं तर गाठीच्या थोडं पुढे कापतो, कारण उघड्या पेराचं तोंड लगेच फाटतं. खिळा तर तो ठोकतच नाही. खिळा पातळ भिंतीत पाचरीसारखा घुसतो आणि चीर तिथेच सुरू होते. वेढे देऊन बांधलेला काथ्या बांबूला बाहेरून आवळतो, म्हणजे फाकण्याच्या नेमका उलट जोर लावतो.

काही बांबू भार यायच्या आधीच चिरलेले असतात. ओला बांबू कडक उन्हात टाकला की तो लांबीत जवळजवळ तेवढाच राहतो, पण घेरात आक्रसतो, आणि तेही आत-बाहेर सारखं नाही. असा बांबू सावलीत, हळूहळू वाळवावा लागतो.

भेग पडलेला बांबू बांधायचाच असेल, तर भेग कुठल्या बाजूला येते हे महत्त्वाचं. ती वर किंवा खाली असेल तर वाकण्याच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. दोन्ही कुशींना आरपार गेलेली असेल, तर वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांवरून सरकू लागतात. आपल्या ७५ मिलिमीटरच्या बांबूची ताठरता तेव्हा सुमारे पाचव्या हिश्श्यावर येते. घट्ट वेढ्यांनी त्यातली थोडी परत मिळते. गाठ ओलांडून गेलेल्या भेगेचा बांबू मात्र आडवा लावू नये. तो कापून आखूड करावा.