किंमतवाढ, विक्रीतील घट आणि एकूण प्राप्ती

वस्तूची किंमत काही टक्क्यांनी वाढली आणि त्यामुळे तिची विक्री काही टक्क्यांनी घटली, तर विक्रेत्याच्या एकूण प्राप्तीत होणारा निव्वळ बदल. एकूण प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले विकलेले नग. त्यामुळे वाढीच्या टक्क्यांतून घटीचे टक्के नुसते वजा करून उत्तर मिळत नाही. किंमत क टक्के वाढली व विक्री घ टक्के घटली, तर प्राप्तीतील बदल असा:

क − घ − (क × घ ÷ १००) टक्के

समजा, किंमत २०० आहे आणि ५०० नग खपतात, प्राप्ती १,००,०००. किंमत १५ टक्के वाढवून २३० केली आणि खप १२ टक्के घटून ४४० नगांवर आला. नवी प्राप्ती १,०१,२००, म्हणजे वाढ फक्त १.२ टक्के. वरवर पाहता ती ३ टक्के असायला हवी होती. उरलेले १.८ टक्के गेले कुठे, हे नगांकडे पाहिले की लगेच कळते. जादा ३० हे पूर्वीच्या ५०० नगांवर नव्हे, तर प्रत्यक्ष खपलेल्या ४४० नगांवरच मिळतात: १३,२००. न खपलेल्या ६० नगांची जुन्या दराने होणारी रक्कम, १२,०००, हातची जाते. फरक १,२००. सूत्रातले शेवटचे पद म्हणजे या ६० नगांवर न मिळालेली दरवाढ.

याच कारणाने प्राप्ती कायम राखणारी घट किंमतवाढीपेक्षा नेहमी लहान असते. ती क ÷ (१०० + क) × १०० टक्के इतकी येते. २५ टक्के वाढीला २० टक्के, तर १५ टक्के वाढीला सुमारे १३.०४ टक्के.

इथेच मागणीच्या लवचिकतेचा नियम चुकल्यासारखा वाटतो. लवचिकता म्हणजे खपातील घटीचे टक्के भागिले किंमतवाढीचे टक्के. ती एकापेक्षा कमी असेल तर किंमतवाढीने प्राप्ती वाढते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. वरच्या उदाहरणात खप १४ टक्के घटून ४३० झाला असे धरा. १४ ÷ १५ म्हणजे ०.९३, तरीही प्राप्ती ९८,९०० वर उतरते. दोष नियमाचा नाही, टक्के कशावर काढले त्याचा आहे. तो नियम अगदी सूक्ष्म बदलांसाठी आहे. मोठ्या बदलात टक्के जुन्या आकड्यावर न काढता जुन्या व नव्या आकड्यांच्या सरासरीवर काढावे लागतात. तसे केल्यास किंमतवाढ ३० ÷ २१५, म्हणजे १३.९५ टक्के, आणि घट ७० ÷ ४६५, म्हणजे १५.०५ टक्के भरते. लवचिकता सुमारे १.०८ येते आणि प्राप्ती का घटली ते उलगडते.

प्राप्ती घटली म्हणून नफाही घटतोच असे नाही. एका नगाचा खर्च १२० असेल आणि स्थिर खर्च बाजूला ठेवला, तर पूर्वी ५०० नगांवर ४०,००० सुटत होते. आता ४३० नगांवर ४७,३०० सुटतात.