समीकरण संतुलित करणं वेगळं, पूर्ण करणं वेगळं

"सर, खालचं समीकरण संतुलित करून द्या." मेसेज एवढाच असतो आणि खाली समीकरण नसतंच. कधी फोटो जोडायचा राहून जातो, कधी पीडीएफमधून कॉपी करताना सूत्रं गळून पडतात आणि अधिकची दोन-तीन चिन्हं आणि एक बाण तेवढा पोहोचतो. "काहीच दिसत नाही" असं कळवलं की उत्तर येतं, "सर, तांबं आणि नायट्रिक आम्लाचं आहे." विद्यार्थ्याला वाटतं, आता सगळं सांगून झालं. खरं तर आता त्याने दुसरंच काम मागितलेलं असतं.

समीकरण संतुलित करणं म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंचे पदार्थ ठरलेले असताना त्यांच्यापुढचे सहगुणक शोधणं. हा निव्वळ हिशेब आहे. समीकरण पूर्ण करणं म्हणजे अभिकारक दिलेले असताना त्यांच्यापासून काय तयार होईल ते सांगणं. त्यासाठी रसायनशास्त्र माहीत असावं लागतं, हिशेब नंतर येतो. परीक्षेत "पूर्ण करून संतुलित करा" असं एका दमात विचारतात, त्यामुळे ही दोन कामं एकच वाटू लागतात. तांबं आणि नायट्रिक आम्लाइतकी ती दुसरीकडे क्वचितच इतकी स्वच्छ वेगळी दिसतात.

आधी हिशेबाचं काम पाहू. समजा मेसेज नीट आला आणि त्यात हे होतं:

Cu + HNO3 → Cu(NO3)2 + NO + H2O

तांब्याचा सहगुणक 1 धरू, म्हणजे कॉपर नायट्रेटचाही 1 झाला. आम्लाचा सहगुणक b मानू. हायड्रोजन फक्त आम्लात आणि पाण्यात आहे, म्हणून पाणी b/2. डावीकडे नायट्रोजनचे अणू b आहेत. त्यांतले दोन नायट्रेटमध्ये जातात, म्हणून NO चा सहगुणक b − 2. आता ऑक्सिजन जुळवायचा: 3b = 6 + (b − 2) + b/2. यातून b = 8/3 येतो. अपूर्णांक घालवायला सगळ्याला 3 ने गुणलं की:

3Cu + 8HNO3 → 3Cu(NO3)2 + 2NO + 4H2O

ऑक्सिजन मोजून पाहा: डावीकडे 24, उजवीकडे 18 + 2 + 4, म्हणजे 24. बरोबर.

इथला 8 हा आकडा बऱ्याच जणांना खटकतो. NO चे रेणू दोनच आहेत, मग आम्ल आठ कशाला? कारण आम्ल इथे दोन कामं करतं. आठांपैकी दोन रेणूंतला नायट्रोजन इलेक्ट्रॉन घेऊन NO होतो. उरलेल्या सहांतला नायट्रोजन जसाच्या तसा राहून तांब्याच्या आयनांना नायट्रेट पुरवतो. तांब्याचा प्रत्येक अणू 2 इलेक्ट्रॉन देतो. नायट्रोजनचा ऑक्सिडीकरण अंक +5 वरून +2 वर येताना प्रत्येक अणू 3 इलेक्ट्रॉन घेतो. तीन तांबे 6 देतात, दोन नायट्रोजन 6 घेतात. ही इलेक्ट्रॉनची देवघेव आधी जुळवली तर बीजगणिताची गरजही पडत नाही.

आता दुसरं काम. मेसेजमध्ये फक्त Cu + HNO3 आहे आणि बाणाच्या पुढे कोरं आहे. दहावीतला विद्यार्थी बहुधा असं लिहितो:

Cu + 2HNO3 → Cu(NO3)2 + H2

धातू अधिक आम्ल म्हणजे क्षार आणि हायड्रोजन, हा नियम त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. अणू मोजा: तांबं 1 आणि 1, हायड्रोजन 2 आणि 2, नायट्रोजन 2 आणि 2, ऑक्सिजन 6 आणि 6. समीकरण अगदी संतुलित आहे, पण अशी अभिक्रिया होत नाही. क्रियाशीलतेच्या श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, त्यामुळे ते आम्लातून हायड्रोजनला हुसकावू शकत नाही. नायट्रिक आम्लात तांबं विरघळतं ते हायड्रोजन आयनमुळे नाही, तर नायट्रेट जोरदार ऑक्सिडीकारक असल्यामुळे. बेरीज जुळलेल्या बिलावरून माल खरंच दुकानात होता की नाही ते कळत नाही, तसंच हे. संतुलन म्हणजे अभिक्रिया घडल्याचा पुरावा नव्हे. दोन कामांतला गोंधळ सर्वांत जास्त नुकसान करतो तो इथेच, कारण सहगुणक जुळले की मुलगा निश्चिंत होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

मग उजवीकडे काय लिहायचं? ते आम्ल किती संहत आहे यावर ठरतं. विरल आम्ल असेल तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे वरचं 3-8-3-2-4 असलेलं समीकरण. संहत आम्ल असेल तर लालसर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड:

Cu + 4HNO3 → Cu(NO3)2 + 2NO2 + 2H2O

इथे नायट्रोजन +5 वरून +4 वर येतो, प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून एका तांब्याला दोन NO2 लागतात. अभिकारक तेच आणि समीकरणं दोन, दोन्ही संतुलित आणि दोन्ही खरी. "तांबं आणि नायट्रिक आम्ल" एवढ्या माहितीवर यांतलं एक निवडता येत नाही. मेसेजमधून गळालेला शब्द "संहत" किंवा "विरल" असा एवढासाच असतो, पण सगळं उत्तर त्यावर टांगलेलं असतं.

असं का होतं, तेही पाहण्यासारखं आहे. नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून नायट्रिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड होतात, आणि ही अभिक्रिया उलटही चालते:

3NO2 + H2O ⇌ 2HNO3 + NO

आम्ल भरपूर आणि पाणी कमी असेल तर तोल डावीकडे झुकतो, तयार झालेल्या NO चं NO2 होतं. पाणी जास्त असेल तर उलट. यातून एक गैरसोयीची गोष्ट निघते: संहत आम्लाने सुरू केलेला प्रयोग संहत राहत नाही. आम्ल खर्च होत जातं, पाणी तयार होत जातं आणि त्याच चंचुपात्रात NO चं प्रमाण वाढत जातं. पुस्तकातली दोन समीकरणं ही दोन टोकं आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मधलं काहीतरी चाललेलं असतं.

एखादा चौकस विद्यार्थी म्हणतो, मग दोन्ही वायू एकाच समीकरणात लिहू:

Cu + HNO3 → Cu(NO3)2 + NO + NO2 + H2O

आता हिशेबच हात टेकतो. सहगुणक सहा आणि जुळवायची मूलद्रव्यं चार. पटीचा प्रश्न सोडला तरी एक गोष्ट मोकळी राहते, ती म्हणजे NO आणि NO2 यांचं प्रमाण. दोन्ही समान धरले तर 2, 6, 2, 1, 1, 3 असे सहगुणक येतात. NO2 तिप्पट धरला तर 3, 10, 3, 1, 3, 5. दोन्हींत सगळे अणू जुळतात, आणि अशी उत्तरं हवी तितकी काढता येतील. अणू मोजून यांतलं खरं कोणतं ते ठरत नाही. त्यासाठी वायू गोळा करून मोजावे लागतात.

अपुऱ्या माहितीचा हा प्रकार जुना आहे. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले आयरा रेमसन यांनी आपल्या तरुणपणाची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. "नायट्रिक आम्लाची तांब्यावर क्रिया होते" असं त्यांनी पुस्तकात वाचलं आणि क्रिया म्हणजे नेमकं काय होतं ते पाहायला तांब्याच्या नाण्यावर आम्ल ओतलं. नाणं फसफसलं, हिरवट निळा द्रव झाला, लालसर धुराने खोली भरली. घाबरून ते नाणं उचलायला गेले तेव्हा आम्लाची क्रिया बोटांवर होते हे कळलं. बोटं पँटला पुसली, तेव्हा पँटवरही होते हे कळलं. त्या वाक्यात अभिकारक होते, उत्पादितं नव्हती. तो लालसर धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, आणि तो विषारी आहे. फुप्फुसांना झालेली इजा काही तासांनीही उफाळू शकते, म्हणून हा प्रयोग धूरकक्षाबाहेर करू नये आणि घरी तर नकोच.

प्रयोगशाळेत पाहिल्यावर तरी कोणतं समीकरण ते कळतं का? कळतं, पण नजर फसते. विरल आम्लातून निघणारा NO रंगहीन असतो, पण हवेतला ऑक्सिजन मिळताच त्याचं NO2 होतं. त्यामुळे परीक्षानळीच्या तोंडाशी तपकिरी धूर दिसतो आणि विद्यार्थी वहीत सरळ NO2 लिहून मोकळा होतो. नीट ओळखायचं तर वायू पाण्यावर गोळा करावा लागतो. NO पाण्यात फारसा विरघळत नाही, तो रंगहीन वायू म्हणून नळीत साठतो. NO2 पाण्याशी अभिक्रिया करून बराचसा नाहीसा होतो. नुसतं तोंडाशी पाहण्यापेक्षा द्रवाच्या लगेच वरची जागा पाहिली तरी फरक कळतो.

एवढं सगळं अभिकारक माहीत असताना. काहीच आलं नसेल, फक्त कोऱ्या जागा किंवा आकडे आले असतील, तर? समजा "1, 2, 1, 2 असं उत्तर आहे, समीकरण कोणतं?" असं विचारलं. मिथेनचं ज्वलन या आकड्यांत बसतं:

CH4 + 2O2 → CO2 + 2H2O

आणि चुन्याच्या निवळीचं हायड्रोक्लोरिक आम्लाने होणारं उदासिनीकरणही बसतं:

Ca(OH)2 + 2HCl → CaCl2 + 2H2O

आकड्यांवरून पदार्थांकडे परत जायला वाट नाही. अशा वेळी अंदाजाने एखादं समीकरण सोडवून पाठवणारे शिक्षक मी पाहिलेत. हेतू चांगला असतो, पण मुलाच्या वहीत भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर जाऊन बसतं.

सूत्रं येऊनही बिघडलेली असू शकतात. मोबाइल NO चं No करून टाकतो, आणि ते तर नोबेलियम हे मूलद्रव्य. CO चं Co झालं की कार्बन मोनॉक्साइडच्या जागी कोबाल्ट येतो. Cu(NO3)2 मधले कंस गळाले तर CuNO32 असं काहीतरी उरतं. संतुलन करताना एखादं मूलद्रव्य फक्त एकाच बाजूला सापडलं तर हिशेब पुन्हा पुन्हा करत बसण्यापेक्षा आधी सूत्रावर संशय घ्यावा.

म्हणून असा मेसेज आला की मी उलट विचारतो: बाणाच्या दोन्ही बाजूंना काय छापलंय ते अक्षरशः टाइप करून पाठव. उजवी बाजू कोरीच असेल तर प्रश्नाचं पूर्ण वाक्य पाठव, त्यात आम्ल संहत की विरल, तापवलंय का, वायूचा रंग दिलाय का, जे असेल ते. तांब्याच्या बाबतीत "तपकिरी वायू बाहेर पडतो" असे शब्द प्रश्नात असतील तर NO2 चं समीकरण, "रंगहीन वायू जो हवेत तपकिरी होतो" असं असेल तर NO चं. यांतलं काहीच नसेल तर मी दोन्ही समीकरणं लिहून देतो आणि प्रत्येकापुढे आम्ल कसलं ते नोंदवतो.