शाळेच्या परिपत्रकातले ‘मतिमंद’, ‘मूकबधिर’ कसे बदलून घ्याल?

दरवर्षी सवलतींचं परिपत्रक निघतं आणि त्यात तेच वाक्य असतं: ‘अंध, अपंग, मूकबधिर, मतिमंद विद्यार्थ्यांच्या पालकांनी कागदपत्रे जमा करावीत.’ मागच्या वर्षीची फाईल उघडायची, तारीख बदलायची, सही घ्यायची. मीही अशी परिपत्रकं टाइप केली आहेत. एकदा एक आई ती नोटीस चार घड्या घालून मुठीत धरून आली आणि हळूच म्हणाली, “बाई, यातलं माझी मुलगी काहीच नाही. तिला फक्त अक्षरं उलटी दिसतात. आम्ही अर्ज करायचा का?” मुलीला अध्ययन अक्षमता होती. तिला सवलत मिळू शकत होती, पण त्या वाक्यात तिला जागाच नव्हती.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये ते 21 झाले. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. ‘मेंटल रिटार्डेशन’ ही जुनी संज्ञा या कायद्यात नाही. म्हणून ‘मतिमंद’ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता असलेला विद्यार्थी’ असं लिहायचं. ‘मूकबधिर’ तर अर्थानेही चुकीचा आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाला आवाज असतो. श्रवणयंत्र आणि वाचा उपचार मिळाले तर त्यातली अनेक मुलं बोलतात, काही सांकेतिक भाषेत बोलतात. कायद्यातही श्रवणदोष वेगळा आणि वाचा व भाषा दोष वेगळा आहे. ‘कर्णबधिर’ किंवा ‘श्रवणदोष असलेला’ पुरेसं आहे. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ काढून टाका. ‘सामान्य विद्यार्थी’ हा शब्दही काढा, तिथे ‘इतर विद्यार्थी’ लिहा.

‘दिव्यांग’ हा आज सरकारी शब्द आहे, परिपत्रकात तो चालतो. पण काहींना तो नको असतो, ‘अपंग’च बरा वाटतो. एखाद्या मुलाविषयी लिहिताना त्याला आणि घरच्यांना विचारावं, हे माझं ठाम मत आहे.

बदलाची मागणी पालक करू शकतात, शिक्षक करू शकतात, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्यही. त्यासाठी स्वतःच्या घरात दिव्यांग मूल असण्याची अट नाही, त्यामुळे अर्जाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. सोबत परिपत्रकाची प्रत द्या, खटकणाऱ्या ओळी अधोरेखित करा आणि प्रत्येक ओळीसमोर पर्यायी वाक्य लिहून द्या. नुसतं ‘भाषा सुधारा’ म्हटलं की अर्ज पडून राहतो, तयार वाक्य हातात असलं की काम पुढे सरकतं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायला विसरू नका.

नवं परिपत्रक काढायची गरज नसते, शुद्धिपत्रक पुरतं. ते असं असावं:

‘संदर्भ: या कार्यालयाचे परिपत्रक क्र. __, दि. __. उपरोक्त परिपत्रकातील परिच्छेद 2 मध्ये “अंध, अपंग, मूकबधिर, मतिमंद विद्यार्थ्यांच्या पालकांनी” या ऐवजी “दिव्यांग विद्यार्थ्यांच्या (दृष्टिदोष, अस्थिव्यंग, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता इत्यादी) पालकांनी” असे वाचावे. बाकी मजकूर कायम.’

यातला ‘इत्यादी’ महत्त्वाचा आहे. तो गाळला तर 21 पैकी उरलेल्या प्रकारांतली मुलं पुन्हा बाहेर राहतात. आणि किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट ज्या योजनेत आहे, त्या योजनेपुढेच लिहा. ती सगळ्या परिपत्रकाच्या डोक्यावर टाकली की ज्या सवलतीला ती लागू नाही तिथेही पालक माघारी फिरतात.

दोन ठिकाणी मात्र शब्दाला हात लावू नका. मुलाच्या जुन्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘मतिमंद’ लिहिलेलं असेल तर त्याचा उतारा देताना मूळ शब्द अवतरणात तसाच ठेवा, नाहीतर छाननीत कागदपत्रं जुळत नाहीत. एखाद्या संस्थेचं नोंदणीकृत नाव किंवा जुन्या कायद्याचं नावही आहे तसंच लिहावं लागतं.

शुद्धिपत्रक निघालं की सोबतची यादी तपासा. मुलाचं नाव, इयत्ता आणि समोर अपंगत्वाचा प्रकार अशी यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तर वर कितीही चांगले शब्द असले तरी मुलाला वर्गात ऐकावं लागतंच. यादी कार्यालयात ठेवावी आणि पालकांना वेगवेगळं कळवावं.

मुख्याध्यापकांकडून उत्तर आलं नाही तर आवक क्रमांकाची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, माध्यमिक शाळा असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे. तिथेही काही हाललं नाही तर दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.