मिसळीतली तार आणि दहा मार्कांचा प्रश्न

हॉटेल मॅनेजमेंटच्या पेपरात हा प्रश्न दरवर्षी या ना त्या रूपात येतो. रविवारची सकाळ, पुण्यातलं गजबजलेलं मिसळीचं हॉटेल, सात नंबरच्या टेबलावरचे काका कॅप्टनला हाक मारतात आणि चमच्यात आलेली चमकदार, वाकडी तार दाखवतात. तुम्ही ड्युटी मॅनेजर आहात. काय कराल? दहा गुण.

मी हे पेपर तपासतो, त्यामुळे उत्तरं साधारण पाठ झाली आहेत. आधी माफी, मग प्लेट उचलून आत, नवी मिसळ, बिल माफ, वर एक खरवस. आदरातिथ्य म्हणून हे उत्तम आहे. पण प्लेट उचलून आत नेली की ती थेट घासायला जाते आणि तार मोरीत. मग ती आली कुठून, हे शोधायला हातात काहीच उरत नाही. बहुतेक मुलांचे पाच-सहा गुण त्या मोरीतच जातात.

आपण हा प्रश्न नीट सोडवू. आकडे माझे आहेत, पण कुठल्याही स्वयंपाकघरात बसतील असे.

पहिला प्रश्न तारेबद्दलचा नाही, काकांबद्दलचा. तोंडात टोचलं का, रक्त आलं का, दात दुखावला का, आणि मुख्य म्हणजे काही गिळलं गेल्यासारखं वाटतंय का? गिळल्याची शंका असेल तर दवाखाना. उलटी काढायला लावायची नाही आणि केळं किंवा भाताचा गोळा खायला घालायचे घरगुती उपायही करायचे नाहीत. धातूची तार एक्स-रेवर सहसा दिसते. ती कुठे आहे ते बघून पुढचं डॉक्टर ठरवतील. कुठल्या आकाराची टणक, टोकदार वस्तू धोक्याची मानायची, यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा एक मापदंड जगभर वापरला जातो: 7 ते 25 मिलिमीटर. 1972 ते 1997 या काळात तिथल्या तज्ज्ञ मंडळाने तपासलेल्या सुमारे 190 प्रकरणांचा त्याला आधार आहे. 7 मिलिमीटरहून लहान तुकड्याने इजा क्वचितच होते, पण तान्ही मुलं, वृद्ध आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्याबाबत तेवढाही धोका धरायचा. आपली तार 14 मिलिमीटरची आहे, म्हणजे प्रकरण गंभीर.

माफी मागताना शब्द जपून. ‘तुम्हाला त्रास झाला, मनापासून क्षमा मागतो, हे कसं झालं ते मी आत्ता बघतो’ एवढं पुरे. ‘आमच्याकडे असं होणंच शक्य नाही’ हे अस्सल पुणेरी उत्तर काकांचा आवाज दोन पट्ट्या वर नेतं. ‘फरसाणातून आली असेल हो’ हे त्याहून वाईट, कारण तपासाआधीच निकाल लागला.

मग तार. ती पुसायची नाही, धुवायची नाही. चमच्यासकट एका बशीत घ्यायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, प्लेटचाही फोटो काढायचा. नंतर स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वर तारीख, वेळ, टेबल, पदार्थ आणि दोन सह्या. प्लेटमधली उरलेली मिसळ वेगळ्या डब्यात भरून फ्रीजमध्ये. काका म्हणाले, ‘तार मी घेऊन जाणार,’ तर ओढाताण करायची नाही. त्यांना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची असेल आणि तो त्यांचा हक्क आहे. बिलावर हॉटेलचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापणं 2022 च्या जानेवारीपासून बंधनकारक आहे, त्यामुळे तक्रार कुणाविरुद्ध करायची हे त्यांना माहीत असतंच. आपण फोटो ठेवायचे आणि तार त्यांच्याकडे आहे अशी नोंद करायची.

एवढ्यात आत एक गोष्ट झालेली असायला हवी आणि उत्तरपत्रिकांत ती जवळजवळ कधीच नसते: त्या पातेल्यातून रस्सा वाढणं थांबवणं. तार एकटी असेलच असं नाही. केओटीवरून, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरून, कळतं की हे पातेलं 8:40 ला लागलं, तक्रार 9:20 ला आली आणि मधल्या वेळात 23 प्लेट गेल्या. त्यातली पाच टेबलं अजून खात आहेत. त्या टेबलांवर जाऊन शांतपणे वाट्या बदलायच्या आणि का बदलतोय ते सांगायचं. लाज वाटते, मान्य आहे.

आता खरा तपास. ‘चूक कुणाची’ हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि ‘कुठल्या टप्प्यावर’ हा विचारायचा. मिसळीत तार येण्याचे नेहमीचे तीन रस्ते म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी, चाळणीची किंवा गाळणीची जाळी आणि पिशव्यांना मारलेली स्टेपलरची पिन. तिघींचा आकार वेगळा असतो आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या साध्या भिंगाखाली तो ओळखता येतो. घासणीची तार चपटी, फितीसारखी असते आणि स्प्रिंगसारखी वळते. जाळीची तार गोल असते. विणलेली असल्यामुळे तिला ठराविक अंतरावर छोट्या लाटा पडलेल्या दिसतात. पिनेला काटकोनातले कोपरे असतात, उघडली गेली तरी ते पुरते जात नाहीत.

लोहचुंबक सगळ्यांना आठवतो, पण तो एकटा साक्ष देत नाही. पिन साध्या पोलादाची, ती झटकन चिकटते. घासणीचं स्टीलही बहुतेक वेळा चिकटणाऱ्या जातीचं असतं. जाळी मात्र बऱ्याचदा 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलची असते आणि ‘304 चुंबकाला चिकटत नाही’ हे मुलांनी घोकलेलं असतं. ते मूळ धातूपुरतं बरोबर आहे. तोच धातू गार अवस्थेत ओढून बारीक तार केली की त्याच्या आतली अणूंची रचना काही प्रमाणात बदलते आणि तो थोडा चिकटू लागतो. म्हणून आधी आकार, मग चुंबक.

आपली तार चपटी, वळलेली, चुंबकाला चिकटणारी. संशय घासणीवर. मोरीपाशी तीन घासण्या आहेत, त्यातल्या एकीचे तंतू सुटलेत. त्यातला एक तंतू काढून भिंगाखाली शेजारी ठेवला तर रुंदी जुळते. इथे थांबणारे विद्यार्थी चांगले, पण अहवालात ‘तार आमच्या घासणीची आहे’ असं लिहिणारे घसरतात. तशीच घासणी मंडईत शेकड्याने मिळते; फरसाण बनवणाऱ्याच्या कारखान्यातही असेल. जुळणं म्हणजे फक्त ‘विसंगत नाही’. आणखी पुरावा हवा.

तो पातेल्यात सापडतो. पातेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं. चुंबक त्याला चिकटत नाही, हा आपला फायदा. उरलेला रस्सा आधी पांढऱ्या पंच्यातून गाळायचा, जाळीच्या गाळणीतून नको, नाहीतर संशयितालाच पंच केल्यासारखं होईल. मग चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाळात आणि पातेल्याच्या वळलेल्या काठाखालून फिरवायचा. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की चिकटलेलं सगळं सुटून पडतं. काठाच्या खाचेत आणखी दोन तुकडे मिळाले, तसेच चपटे. फरसाणाच्या उघड्या डब्यातही तसाच चुंबक फिरवला, तिथे काही नाही.

फरसाणवाल्याने फोनवर सांगितलं की त्याच्याकडे मेटल डिटेक्टर आहे, त्यामुळे त्याचा प्रश्नच येत नाही. एवढ्यावर त्याला सोडायचं नाही. या यंत्राची चाचणी धातूच्या छोट्या गोळ्यांवर होते. बारीक तार मात्र कुठल्या दिशेने आडवी-उभी जाते यावर सापडणं अवलंबून असतं. नको त्या दिशेने गेली तर बरीच लांब तारही निसटते. त्याला मोकळं केलं ते काठातल्या दोन तुकड्यांनी आणि तार नसलेल्या डब्याने, यंत्राने नाही.

घटनाक्रम असा जमतो: पहिलं पातेलं 8:20 ला संपलं, तळाला मसाला लागला होता, मावशींनी तो तारेने खरवडला, पातेलं एकदाच विसळलं आणि घाईत पुन्हा भरलं. काठातले तुकडे कदाचित आधीच्या दिवसांचेही असतील, म्हणून अहवालात ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यायचा. आणि मावशींचं नाव ‘कारण’ या रकान्यात लिहायचं नाही. मसाला तळाला लागतो कारण भट्टीची आच मोठी आहे, आणि घासणी कधी बदलायची हे कुणी ठरवलेलंच नाही. कारण ते.

नोंदीची एक ओळ कशी असावी? ‘काकांना तार सापडली, घासणी जुनी होती, सगळ्यांना समज दिली’ हे चालणार नाही. ‘9:20, टेबल 7, मिसळ, 14 मिमी चपटी वळलेली तार, चुंबकाला चिकटते, पिशवीत सील, दुसरं पातेलं 9:24 ला थांबवलं, काठाखाली असेच 2 तुकडे’ हे चालेल. पाहिलेलं एका रकान्यात, त्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्यात. अन्न सुरक्षा अधिकारी आला तर तो पहिला रकाना वाचतो. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 54 खाली बाह्य पदार्थ असलेलं अन्न विकल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत अशी की कायद्याच्या व्याख्येत ‘बाह्य पदार्थ’ म्हणजे अन्न असुरक्षित न करणारी वस्तू. टोकदार तारेमुळे अन्न असुरक्षित ठरलं तर प्रकरण त्याहून कडक कलमात जातं, म्हणून लांबी आणि टोकाचं वर्णन नोंदीत हवंच.

पेपरात कधी तारेच्या जागी माशी असते. तिथे प्रश्न ‘शिजण्याआधी पडली की नंतर’ हा. कीटकाच्या शरीरात फॉस्फटेज नावाचं विकर असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. प्रयोगशाळेत ते शाबूत सापडलं तर माशी शिजलेली नाही, हे बऱ्यापैकी पक्कं. नाही सापडलं तर फारसं काही कळत नाही: ती उसळीबरोबर शिजली असेल, वाफाळत्या रश्श्यात टेबलावर पडली असेल किंवा मुळात जुनी, वाळलेली असेल. म्हणून माशी पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये ठेवायची नाही, कोरड्या डबीत फ्रीजमध्ये ठेवून लवकर पाठवायची.

उपायाचा रकाना तारेच्या प्रकरणात छोटा आहे. अन्नाच्या भांड्यांसाठी तारेची घासणी बंद. लागलेलं पातेलं गरम पाण्यात भिजवायचं. नायलॉनची निळी घासणी आणायची, कारण निळा रंग मिसळीत लगेच दिसतो. स्वयंपाकघरातल्या जखमपट्ट्या निळ्या असतात त्या याच कारणाने. रोज रात्री घासण्या मोजायच्या, फाटलेली टाकायची. काकांना आठवड्याच्या आत फोन करून काय सापडलं ते सांगायचं. शेवटच्या रकान्यात ‘प्रकरण बंद’ ची तारीख त्याच दिवशी टाकणाऱ्याचा मी एक गुण कापतो. महिनाभर चुंबक काठाखालून कोरडा फिरला, की मग टाकायची.