पत्ता-पडताळणी, प्रेषणपूर्व

प्रेषणपूर्व पत्ता-पडताळणी : ग्राहकाने दिलेला पत्ता अपुरा किंवा विसंगत आहे का, हे माल गोदामातून निघण्यापूर्वी तपासून तो दुरुस्त करण्याची पद्धत. अपुऱ्या पत्त्यामुळे पोहोच न होता विक्रेत्याकडे परतणारी पार्सले कमी करणे हा तिचा हेतू असतो. अशा परतीला भारतीय ऑनलाइन व्यापारात ‘आरटीओ’ म्हणतात, तर पोहोच का झाली नाही याच्या नोंदीला ‘एनडीआर’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील व्यवहाराचा विचार केला आहे.

या पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. पहिले टपाल खात्यात. अर्धवट वा दुर्बोध पत्ते लावून पाहणारे अनुभवी कारकून लंडनच्या मुख्य टपाल कार्यालयात एकोणिसाव्या शतकात होते. भारतातही बेवारस पत्रे उघडून पाठवणाऱ्याचा माग काढणारी स्वतंत्र कार्यालये होती. पुढे त्यांना ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ हे नाव मिळाले. दुसरे मूळ मूल्यदेय टपालात, म्हणजे व्ही.पी.पी.त आहे. ही सेवा भारतात १८७७ मध्ये सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. तिच्यात पैसे माल हाती पडल्यावर मिळत. त्यामुळे पत्ता चुकला, तर टपालखर्च आणि परत आलेला माल हे दोन्ही विक्रेत्याच्या अंगावर येत. टपाल कारकून पत्ता लावत तो पत्र खात्याच्या हाती आल्यानंतर. खर्च टाळण्यासाठी माल पाठवण्यापूर्वीच पत्ता नीट करून घेण्याची गरज विक्रेत्याला होती. हा फरक लक्षात घेता आजच्या पद्धतीचे नाते व्ही.पी.पी.शी अधिक जवळचे दिसते. २०१० च्या सुमारास भारतीय ऑनलाइन विक्रीत ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ रूढ होऊ लागली, तेव्हा हीच जोखीम मोठ्या प्रमाणावर परत आली.

पडताळणीचा मुख्य आधार म्हणजे पिनकोड. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील अधिकाऱ्यांनी (ते संस्कृत कवीही होते) आखलेली ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. पहिला अंक विभाग, दुसरा उपविभाग व तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतो. शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. मोठ्या शहरांत त्यापूर्वी वाटप कार्यालयांचे क्रमांक वापरात होते, आणि ते या रचनेत जसेच्या तसे सामावले गेले. म्हणून ‘मुंबई १४’चे ४०००१४ झाले आणि ‘पुणे ३०’चे ४११०३०. जुन्या पिढीतील अनेकजण पत्त्यात आजही फक्त ‘पुणे ३०’ लिहितात. पडताळणी करणाऱ्या प्रणालीने हे रूप ओळखले पाहिजे. ते अपुरे म्हणून नाकारणे चूक ठरते, कारण त्यात पूर्ण पिनकोडाइतकीच माहिती असते.

पिनकोडाच्या दोन मर्यादा येथे महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे तो पत्रांच्या वाटपासाठी आखलेला आहे, घर शोधण्यासाठी नव्हे. देशात दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालये असली, तरी पिनकोड सुमारे १९ हजारच आहेत. ग्रामीण भागात एकाच पिनकोडाखाली अनेक गावे येतात. दुसरी मर्यादा अधिक घातक आहे : पिनकोडात तपासअंक नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने ठरतो. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर चूक तत्काळ उघड होते. पिनकोडात तशी सोय नसल्याने चुकीचा पिनकोड बहुधा दुसऱ्या एखाद्या ठिकाणाचा खराखुरा पिनकोड निघतो. कुरिअरचे वर्गीकरण पिनकोडावरच चालते. म्हणून पत्त्याची बाकीची प्रत्येक ओळ बरोबर असूनही पार्सल भलत्याच केंद्रात जाऊन पडते.

यामुळे ‘पिनकोड अस्तित्वात आहे का’ एवढीच तपासणी फारशी उपयोगी पडत नाही. पिनकोड आणि वस्तीचे नाव एकमेकांशी जुळतात का, हा खरा प्रश्न असतो. टपाल खात्याची पिनकोड सूची सार्वजनिक आहे. तीत कार्यालयाचे नाव, पिनकोड, जिल्हा, राज्य आणि ते कार्यालय वाटप करते की नाही, ही माहिती मिळते. ग्राहकाने लिहिलेली वस्ती त्या पिनकोडाच्या यादीत, किंवा विक्रेत्याच्या पूर्वी यशस्वी झालेल्या पोहोचींच्या नोंदीत सापडली नाही, तर पत्ता बाजूला काढला जातो. दुसरी नोंद अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरते, कारण सरकारी सूचीत नव्या वसाहतींची नावे नसतात.

उदाहरण म्हणून पुढील पत्ता घेता येईल : ‘फ्लॅट ६, मारुती मंदिराजवळ, वडगाव बु., पुणे ४११०१४’. पिनकोड खरा आहे आणि शहराशी जुळतो. परंतु ४११०१४ मध्ये नगर रस्त्यावरचे वडगाव शेरी येते. वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचा पिनकोड ४११०४१. याखेरीज त्याच्या शेजारी वडगाव खुर्द आहे आणि तालुक्याचे वडगाव मावळ (४१२१०६) आहे. जिल्हा म्हणून तेथील लोकही ‘पुणे’ लिहितात. विसंगती दिसल्यावर दोन शक्यता उरतात : वस्ती चुकली किंवा पिनकोड चुकला. शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल केली, की वडगाव बुद्रुकचाच पिनकोड मिळतो. शिवाय शेरीत राहणारा माणूस चुकून ‘बु.’ लिहील, हे संभवत नाही. तेव्हा पिनकोड चुकला असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

तरीही येथे परस्पर दुरुस्ती करू नये, असे या क्षेत्रातील जाणकार मानतात आणि ते योग्य दिसते. अंदाज चुकला, तर ग्राहकाने बरोबर लिहिलेला पिनकोड विक्रेत्याने बिघडवला असे होते, आणि नंतर तो माग काढणेही अवघड जाते. म्हणून ग्राहकाचा मूळ मजकूर जपून ठेवतात, सुचवलेली दुरुस्ती वेगळ्या रकान्यात लिहितात आणि ग्राहकाला विचारतात. प्रश्न कसा विचारावा, यावर बरेच अवलंबून असते. ‘पत्ता बरोबर आहे का?’ या संदेशाला लोक न वाचता होकार देतात. ‘सिंहगड रस्त्यावरचे वडगाव बुद्रुक की नगर रस्त्यावरचे वडगाव शेरी?’ असे विचारले, की उत्तर नेमके येते. वरील पत्त्यात इमारतीचे वा सोसायटीचे नावही नाही. तेव्हा ते त्याच संभाषणात विचारून घेतात. हे सर्व लेबल छापण्यापूर्वी व्हावे लागते. पार्सलचा क्रमांक पिनकोडानुसार निघालेला असल्याने नंतर केलेली दुरुस्ती बहुधा कागदावरच राहते आणि पार्सल जुन्याच मार्गाने जाते. उत्तर आले नाही, तर माल पुढच्या पिकअपपर्यंत थांबवणे ही नेहमीची रीत आहे. रोख वसुलीच्या ऑर्डरीत ती अधिक कडकपणे पाळली जाते.

नावांच्या लेखनभेदाचा प्रश्न यंत्राने बराचसा सुटतो. कोथरूड, वाशी, वडगाव ही नावे रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहिली जातात. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे, हे मोजणाऱ्या रीतीने किंवा उच्चारसाम्याने ती एकत्र आणता येतात. मात्र हीच रीत बुद्रुक आणि खुर्द यांची संक्षिप्त रूपे किरकोळ समजून गाळू शकते. मराठी मुलखात ती गाळणे म्हणजे गावच बदलणे होय. नामांतरामुळेही अडचण येते. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तर अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पिनकोड तेच राहिले, पण काही याद्यांत जुने नाव असते आणि काहींत नवे. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा असल्याने राज्य न लिहिलेल्या पत्त्यात ४३१००१ आणि ८२४१०१ यांचा फरकच निर्णायक ठरतो.

नकाशावरील बिंदूने हे प्रश्न संपतील, अशी अपेक्षा होती. ती अंशतःच खरी ठरली. घर न सापडल्यास अनेक नकाशा-सेवा पिनकोड क्षेत्राचा मध्यबिंदू देतात आणि तो घराचा बिंदू समजला जातो. वेगवेगळ्या ग्राहकांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या दशांशापर्यंत सारखे आले, की हे घडले आहे असे ओळखावे. ‘सध्याचे स्थान’ निवडणारा ग्राहक अनेकदा कार्यालयात बसून घरासाठी मागवत असतो. टपाल खात्याने आय.आय.टी. हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या साहाय्याने तयार केलेला ‘डिजिपिन’ २०२५ मध्ये खुला झाला. तो देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत देतो. त्याने जागा नेमकी कळते, परंतु मजला कळत नाही. शिवाय संकेत ग्राहकाने कोठे उभे राहून घेतला, ही शंका उरतेच.

पडताळणीचा परिणाम मोजताना सर्वांत मोठी अडचण शेऱ्यांची असते. वाटप करणारा मुलगा त्या दिवशी तेथे पोहोचू शकला नाही किंवा ग्राहकाने फोन उचलला नाही, तरी ‘अपूर्ण पत्ता’ हा शेरा पडू शकतो. पत्त्यात काहीही न बदलता दुसऱ्या फेरीत पोहोच झाली, तर पहिला शेरा खरा नव्हता असे समजण्यास हरकत नाही. अशी पार्सले वगळल्याशिवाय पत्त्यामुळे झालेल्या परती किती आणि पडताळणीने त्यांतल्या किती वाचल्या, हे कळत नाही. ग्राहकाने मन बदलून माल नाकारला, तर त्यावर पत्ता-पडताळणीचा इलाज नाही. मात्र विचारणा झाली, की काही ग्राहक तेव्हाच ऑर्डर रद्द करतात. त्यामुळे जाण्या-येण्याचा खर्च वाचतो. हा लाभ पत्ता-दुरुस्तीच्या खात्यात मोजला जाऊ नये.

ग्रामीण पत्त्यांविषयी पद्धतशीर माहिती थोडी आहे. तेथे घरक्रमांकाऐवजी गट नंबर, वाडी किंवा वस्ती लिहितात. गोव्यात वाड्याचे नाव आणि ग्रामपंचायतीचा घरक्रमांक देतात. एकाच नावाचे वाडे अनेक गावांत असल्याने गावाचे नाव सुटले, तर पत्ता लागत नाही. गट नंबर जमिनीच्या नोंदीतला असतो आणि वाटप करणाऱ्याला तो सहसा ठाऊक नसतो. म्हणून अशा ऑर्डरीत गाव, तालुका आणि चालू फोन नंबर यांच्याबरोबर एखादे दुकान वा शाळा ही खूण मागून घेतात. लेबलावर ओळीची अक्षरमर्यादा असते आणि खूण बहुधा शेवटी लिहिलेली असल्याने तीच कापली जाते. ती पहिल्या ओळीत आणणे ही काही विक्रेत्यांनी स्वीकारलेली साधी दुरुस्ती आहे.